बिल्डिंग विकली आणि तिच्यातच भाड्याने राहिलो, तर सगळा नफा याच वर्षी घ्यायचा का?

प्रश्न: आमची जळगावला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, ठिबक आणि पीव्हीसी पाइपचा धंदा. हायवेवरची ऑफिस-गोडाऊनची बिल्डिंग १ एप्रिल २०२५ ला २.४० कोटीला विकली आणि त्याच दिवशी त्याच माणसाकडून ५ वर्षं भाड्याने घेतली. बुकात बिल्डिंग १.१० कोटीला होती. आमचे अकाउंटंट म्हणतात १.३० कोटी नफा यंदाच दाखवू, ऑडिटर म्हणतात थांबा. भाडं पहिल्या वर्षी महिना १.८० लाख, मग दरवर्षी १० हजाराने वाढत शेवटी २.२० लाख. एन्ट्र्या कशा टाकायच्या?

उत्तर:

भाऊ, ऑडिटर बरोबर थांबवताहेत. ज्याने बिल्डिंग घेतली तोच आता तुमचा घरमालक आहे, म्हणजे एकाच टेबलावर दोन किंमती ठरल्या, एक विक्रीची आणि एक भाड्याची. अशा वेळी एक किंमत फुगवून दुसरीतून वसूल करता येते. विक्री ३० लाखाने जास्त दाखवा आणि भाडं जास्त द्या, समोरच्याला काही फरक पडत नाही, पण तुमच्या यंदाच्या नफ्यात ३० लाख जास्त दिसतात. म्हणून २.४० मधून १.१० वजा केले की काम झालं असं होत नाही. त्या २.४० मधला किती पैसा खरंच बिल्डिंगचा आहे आणि किती पैसा तुम्ही पुढच्या ५ वर्षांत भाड्यातून परत देणार आहात, हे आधी काढायला लागतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट विचारतो, आणि खरं खरं सांगा. खरेदीखत आणि भाडेकरार सोडून अजून कुठला कागद झालाय का? आपल्याकडे मुदतखरेदी नवी नाही, खान्देशात शेतीच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, खरेदीखत करून द्यायचं आणि मुदतीत पैसे परत केले की जमीन परत. तोच प्रकार आता गोडाऊन आणि शोरूमच्या बाबतीत होतो, फक्त नाव वेगळं. शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेलं असतं की ५ वर्षांनी अमुक रकमेला बिल्डिंग परत द्यायची. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार गहाण ठरायला ती अट त्याच दस्तात असावी लागते, तो वकिलाचा विषय झाला. पण हिशोबात आपण व्यवहाराचं खरं रूप बघतो. परत घेण्याची रक्कम ठरलेली असेल आणि तुम्ही परत घेणार हे दोघांना माहीत असेल, तर ही विक्रीच नाही, हे बिल्डिंग तारण ठेवून घेतलेलं कर्ज आहे. मग नफा शून्य, बिल्डिंग बुकात तशीच राहते, डेप्रिसिएशन चालू राहतं, २.४० कोटी कर्ज म्हणून दिसतात आणि ज्याला तुम्ही भाडं म्हणताय ते बहुतेक व्याज असतं. असा कागद असेल तर तो ऑडिटरला आजच दाखवा, कारण पुढचं सगळं तसा कागद नाही असं धरून लिहितोय.

आता लीज कुठल्या प्रकारची ते. तुमची कंपनी लिस्टेड नाही, आणि नेटवर्थ २५० कोटीच्या खाली असेल आणि कुठल्या मोठ्या ग्रुपचा भाग नसाल, तर तुम्हाला लीजसाठीचा जुना अकाउंटिंग स्टँडर्ड, एएस १९, लागू होतो. त्याच्यात दोन प्रकार: मालकीची बहुतेक जोखीम आणि फायदा भाडेकरूकडे जातो ती फायनान्स लीज, नाही जात ती ऑपरेटिंग लीज. करार संपल्यावर मालकी आपोआप तुमच्याकडे येणार नाही, स्वस्तात विकत घ्यायचा हक्क नाही, बिल्डिंगचं आयुष्य अजून तीस-चाळीस वर्षं आहे आणि करार फक्त ५ वर्षांचा, सगळं भाडं मिळून १.२० कोटी म्हणजे बिल्डिंगच्या किमतीच्या बरंच खाली, तेव्हा ही सरळ ऑपरेटिंग लीज झाली. फायनान्स लीज निघाली असती तर पुस्तकी किमतीवरचा सगळा नफा पुढे ढकलून डेप्रिसिएशनच्या प्रमाणात दरवर्षी थोडा थोडा घ्यावा लागला असता. ५ वर्षांच्या करारात तसं सहसा होत नाही म्हणून ते इथेच सोडतो.

ऑपरेटिंग लीजमध्ये नियम विक्रीची किंमत आणि खरी बाजारभावाची किंमत, म्हणजे फेअर व्हॅल्यू, यांची तुलना करतो. विक्री बाजारभावाने झाली असेल तर पूर्ण नफा त्याच वर्षी घ्या, कोणी अडवत नाही. बाजारभावापेक्षा जास्तीने झाली असेल तर फेअर व्हॅल्यूपर्यंतचा नफा आत्ता, आणि वरची रक्कम जितकी वर्षं तुम्ही बिल्डिंग वापरणार तितक्या वर्षांत वाटून. म्हणजे अकाउंटंट आणि ऑडिटर यांच्यातला सगळा वाद एकाच आकड्यावर येऊन थांबतो, १ एप्रिलला त्या बिल्डिंगचा बाजारभाव किती होता.

हा आकडा रेडी रेकनरमधून उचलू नका. रेडी रेकनर स्टॅम्प ड्युटीसाठी आहे, आणि हायवेला लागून असलेल्या मिळकतीत तो बाजाराच्या वर-खाली दोन्हीकडे असू शकतो. रजिस्टर्ड व्हॅल्यूअरचा रिपोर्ट घ्या, विक्रीच्या तारखेचा, आणि त्याला जमीन आणि बांधकाम वेगळं दाखवायला सांगा. शिवाय स्वतः एक ताळा घ्या जो मी दर वेळी घेतो: शेजारच्या दोन-तीन गोडाऊनचं स्क्वेअर फुटाचं भाडं विचारा. विक्रीची किंमत फुगवलेली असेल तर ती भाड्यात दिसतेच, कारण घेणारा काही धर्मादाय करत नाही.

तुमचेच आकडे घेऊन करून दाखवतो. विक्री आणि भाडं तुम्ही सांगितलंय, बाकीचं मी धरतोय, तुमचे खरे आकडे टाकून परत करा. धरूया की १.१० कोटीत जमीन २० लाख आणि बिल्डिंग ९० लाख आहे, बिल्डिंगची मूळ किंमत १.४० कोटी आणि जमलेलं डेप्रिसिएशन ५० लाख. व्हॅल्यूअरने जमीन १ कोटी आणि बांधकाम १.१० कोटी, एकूण २.१० कोटी सांगितलं. आणि तशाच जागेचं आजूबाजूचं भाडं महिना १.४० लाखाच्या आसपास निघालं.

आता चित्र साफ दिसतं. तुमचं सरासरी भाडं महिना २ लाख, बाजार १.४०, म्हणजे महिन्याला ६० हजार जास्त, ६० महिन्यांत ३६ लाख. आणि विक्रीत तुम्हाला बाजारभावापेक्षा जास्त मिळाले ३० लाख. म्हणजे समोरच्याने तुम्हाला ३० लाख उचल दिली आणि ५ वर्षांत ३६ लाख परत घेतोय, वरचे ६ लाख म्हणजे त्याचं व्याज. एएस १९ हे व्याज वेगळं काढायला सांगत नाही, पण आकडे जुळले की ऑडिटरचा पण विश्वास बसतो की फेअर व्हॅल्यू हवेतली नाही. उलट व्हॅल्यूअर म्हणतो २.४० च बाजारभाव आहे आणि भाडं मात्र शेजाऱ्याच्या दीडपट, असं असलं तर मी रिपोर्ट परत तपासायला लावतो.

नफा असा पडतो. फेअर व्हॅल्यू २.१० वजा पुस्तकी किंमत १.१०, म्हणजे १ कोटी यंदाचा नफा, त्यातले ८० लाख जमिनीचे आणि २० लाखच बिल्डिंगचे. उरलेले ३० लाख डिफर्ड, म्हणजे पुढे ढकललेले. इथे एक बारीक गोष्ट आहे, एएस १९ जमिनीच्या भाडेकराराला लागू नाही असं त्याच्यात लिहिलंय, मग कोणी म्हणेल ३० लाखातला जमिनीचा भाग आत्ताच घेऊ. माझं मत तसं नाही. ते ३० लाख जमिनीचेही नाहीत आणि भिंतींचेही नाहीत, ते जास्तीच्या भाड्याच्या बदल्यात आलेत, म्हणून मी पूर्ण रक्कम डिफर करतो. ऑडिटरशी बोलून जे ठरेल ते नोटमध्ये लिहा.

विक्रीच्या दिवशीची एन्ट्री अशी (घेणाऱ्याने १% टीडीएस कापलाय असं धरून):

बँक डेबिट २,३७,६०,०००
टीडीएस येणे डेबिट २,४०,०००
जमलेलं डेप्रिसिएशन डेबिट ५०,००,०००
बिल्डिंग क्रेडिट १,४०,००,०००
जमीन क्रेडिट २०,००,०००
मालमत्ता विक्रीवरचा नफा क्रेडिट १,००,००,०००
विक्री-लीजबॅकवरचा डिफर्ड नफा क्रेडिट ३०,००,०००

दोन्ही बाजू २.९० कोटीला जुळतात. तुमचा व्यवहार १ एप्रिलचा म्हणून सोपं आहे. मधल्या महिन्यात विकली असती तर आधी विक्रीच्या तारखेपर्यंतचं डेप्रिसिएशन टाकायचं आणि मगच ही एन्ट्री, नाहीतर पुस्तकी किंमतच चुकते. १ कोटीचा नफा विक्रीत किंवा किरकोळ उत्पन्नात मिसळू नका, नफा-तोटा पत्रकात वेगळी ओळ दाखवा, कारण बँकवाला पुढच्या वर्षी लिमिट रिन्यू करताना विचारणारच की धंद्याचा नफा किती आणि बिल्डिंगचा किती.

डिफर्ड ३० लाख हे रिझर्व्ह नाहीत, ते लायबिलिटीच्या बाजूला बसतात. कंपनीचा नफाच तर आहे म्हणून रिझर्व्ह अँड सरप्लसमध्ये टाकलेले बॅलन्सशीट मी पाहिलेत, त्याने नेटवर्थ फुगतं. दरवर्षी ३१ मार्चला ६ लाख डिफर्ड नफा डेबिट आणि इतर उत्पन्न क्रेडिट. पहिल्या वर्षाअखेर २४ लाख उरतात, त्यातले पुढच्या वर्षीचे ६ लाख करंट आणि १८ लाख लॉंग टर्म. काही जण हे ६ लाख भाड्यातूनच वजा करतात, मला वेगळं दाखवलेलं बरं वाटतं, भाडं जीएसटी आणि टीडीएसशी जुळवायला सोपं जातं.

आता भाडं. इथे लोकांना पटत नाही, की पहिल्या वर्षी दिले २१.६० लाख तर खर्च २४ लाख का दाखवायचा. कारण तुम्ही पाचही वर्षं तीच जागा तेवढीच वापरताय, फक्त पैसे द्यायचे हप्ते चढते ठेवलेत. एएस १९ म्हणतो ऑपरेटिंग लीजचं भाडं लीजच्या मुदतीत सरळ समान खर्ची टाका, वापराचा फायदा वेगळ्या पद्धतीने मिळतोय असं दाखवता आलं तरच दुसरी पद्धत. पाच वर्षांचं भाडं २१.६०, २२.८०, २४, २५.२० आणि २६.४० लाख, बेरीज १.२० कोटी, भागिले ५ म्हणजे दरवर्षी २४ लाख.

महिन्याची एन्ट्री नेहमीसारखीच:

भाडे खर्च डेबिट १,८०,०००
जीएसटी इनपुट १८% डेबिट ३२,४००
भाड्यावरचा टीडीएस १०% क्रेडिट १८,०००
घरमालक क्रेडिट १,९४,४००

टीडीएस जीएसटी सोडून भाड्यावर. घरमालकाकडे जीएसटी नंबर नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून कमर्शियल जागेच्या भाड्यावर तुम्हालाच रिव्हर्स चार्जने भरावा लागतो, घरमालकाची एन्ट्री मग १,६२,००० ची होते आणि ३२,४०० जीएसटी देणे म्हणून वेगळे. पाइपवर जीएसटी लागतो म्हणून तुम्हाला क्रेडिट मिळेल, करमुक्त मालाचा धंदा असता तर हेच ३२ हजार दर महिन्याला खर्चात गेले असते, म्हणून तशा माणसाने लीजबॅकचा हिशोब करताना हे आधी धरावं. बांधून पूर्ण झालेल्या जुन्या बिल्डिंगच्या विक्रीवर मात्र जीएसटी नाही.

मग ३१ मार्चला फरकाची एन्ट्री. पहिल्या वर्षी भाडे खर्च डेबिट २,४०,००० आणि भाडे समानीकरण लायबिलिटी क्रेडिट २,४०,०००. दुसऱ्या वर्षी १,२०,००० अजून, शिल्लक ३,६०,०००. तिसऱ्या वर्षी दिलेलं आणि खर्ची टाकलेलं दोन्ही २४ लाख, काहीच एन्ट्री नाही. चौथ्या वर्षी उलटी १,२०,००० ची, लायबिलिटी डेबिट आणि भाडे खर्च क्रेडिट, आणि पाचव्या वर्षी उलटी २,४०,००० ची, शिल्लक शून्य. शेवटच्या वर्षी शून्य आली नाही तर कुठेतरी बेरीज चुकलीय असं समजा. टॅलीत हे लेजर घरमालकाच्या पार्टी लेजरपासून वेगळं ठेवा, हे पैसे आज कोणी मागू शकत नाही, आणि पार्टी लेजरमध्ये घातलं की बॅलन्स कन्फर्मेशन कधीच जुळत नाही.

दोन्ही एकत्र बघा, दरवर्षी भाडं २४ लाख खर्च आणि डिफर्ड नफा ६ लाख उत्पन्न, निव्वळ १८ लाख, महिना दीड लाख. बाजारभाव १.४०, वरचे १० हजार तेच मघाचं व्याज. अकाउंटंट म्हणतात तसं १.३० कोटी यंदा घेतले असते तर यंदाचा नफा ३० लाखाने चढला असता आणि पुढची पाचही वर्षं महिना २ लाखाचं भाडं नफा खात बसलं असतं.

पाच वर्षं हा आकडा मात्र कराराच्या नावावरून घेऊ नका, लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत करार सोडता येत नाही ती, वाचा. पाच वर्षांचा करार, लॉक-इन १ वर्ष आणि तुम्ही आधीच एमआयडीसीत नवीन शेड बांधताय, तर वापराची मुदत कदाचित दोनच वर्षं, मग डिफर्ड नफा दोन वर्षांत वाटायचा आणि भाड्याची सरासरी पण तेवढ्याच मुदतीची. उलट ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करून दर वेळी रिन्यू करायचं ठरलेलं असेल तर ते ठरणं कशावरून खात्रीचं, हे ऑडिटरला पटवावं लागेल. आणि समजा ५ वर्षं धरून चाललात पण तीन वर्षांनी जागा सोडली, तर त्या दिवशी डिफर्ड खात्यात उरलेले १२ लाख आणि समानीकरणाचे ३.६० लाख दोन्ही नफ्यात येतात, सोडण्याचा दंड काही असेल तर तो खर्चात.

किंमत बाजारभावापेक्षा कमी असती तर? २.१० ची बिल्डिंग १.९० ला दिली तरी ८० लाख नफा आहे, तो लगेच घ्यायचा. फक्त पुस्तकी किमतीच्या खाली विकून तोटा आला आणि त्याची भरपाई पुढे कमी भाड्यातून होणार असेल, तर तो तोटा पुढे ढकलून भाड्याच्या प्रमाणात वाटता येतो. आणि बाजारभावच पुस्तकी किमतीच्या खाली गेलेला असेल तर त्या दोन्हीतला फरक लगेच तोटा, तिथे वाटाघाट नाही.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात, कारण तिथे हे डिफर्ड प्रकरण चालत नाही. पूर्ण २.४० कोटी विक्री यंदाच धरली जाते (आणि स्टॅम्प ड्युटीची किंमत १०% पेक्षा जास्त वर असेल तर ती). व्यवहार २०२५-२६ चा म्हणजे १९६१ चाच कायदा. जमीन २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली असेल तर लॉंग टर्म, १२.५%, इंडेक्सेशन नाही. बिल्डिंग ब्लॉकमधून, म्हणजे डेप्रिसिएशनसाठी एकत्र धरलेल्या मालमत्तांच्या गटातून जाते, कलम ५०: ब्लॉकमध्ये दुसरी बिल्डिंग शिल्लक असेल आणि ब्लॉकची रक्कम विक्रीपेक्षा जास्त असेल तर आत्ता नफा नाही, नुसता ब्लॉक कमी होतो. हीच एकमेव बिल्डिंग असेल तर ब्लॉक संपला, आणि वीस वर्षं वापरलेली असली तरी तिचा नफा शॉर्ट टर्म. म्हणून खरेदीखतात जमीन आणि बांधकामाची किंमत वेगळी लिहिलेली आहे का ते आधी बघा, नसेल तर व्हॅल्यूअरच्या रिपोर्टवर विभागणी करावी लागेल. टॅक्स ३० लाखावर आज आणि पुस्तकात नफा पाच वर्षांत, म्हणून डिफर्ड टॅक्स पण बघायला सांगा.

एमआयडीसीतली मिळकत असती तर वेगळंच, तिथे जमीन मुळात लीजची, हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी लागते, मग तुम्ही विकलं काय तर भाडेपट्ट्याचा हक्क आणि बांधकाम. तुमची हायवेवरची स्वतःची बिनशेती जागा आहे असं मी धरलंय.

कधी इंड एएसमध्ये, म्हणजे मोठ्या आणि लिस्टेड कंपन्यांच्या नव्या स्टँडर्डमध्ये, गेलात तर हे गणित अख्खं बदलतं. इंड एएस ११६ मध्ये जागा वापरायचा जो हक्क तुम्ही ठेवला त्याच्या वाट्याचा नफा दाखवताच येत नाही, फक्त घेणाऱ्याला गेलेल्या हक्काच्या वाट्याचा दिसतो, आणि ते जास्तीचे ३० लाख सरळ कर्ज म्हणून बसतात, व्याजासकट. मघाशी आपण उचल म्हणालो ना, तिथे तिला उचलच म्हणतात.

आता तुम्ही करायचं एवढंच, १ एप्रिलच्या तारखेचा व्हॅल्यूअरचा रिपोर्ट, शेजारच्या भाड्याचे दोन-तीन करार आणि लॉक-इनचं पान ऑडिटरच्या हातात द्या. व्हॅल्यूअरचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा आला तर ३० लाखाच्या जागी तो फरक टाका, भाड्याच्या एन्ट्र्या मात्र जशाच्या तशा राहतील.